कॉफी उलटी वर जाते तेव्हा

एस्प्रेसोचा शॉट संपला आणि पंपाचं बटण बंद केलं, की बऱ्याच घरगुती मशीनमधून 'फुस्स' असा छोटा आवाज येतो. त्याबरोबर ड्रिप ट्रेमध्ये थोडं तपकिरी पाणी पडतं. कप भरलेला असतो, त्यामुळे या पाण्याकडे कुणी फारसं बघत नाही. मशीन आतून घाण होतं ते नेमकं याच क्षणी. ते स्वच्छ करण्याची जी पद्धत आहे, म्हणजे बॅकफ्लश, तीही याच क्षणाचा उपयोग करून घेते. म्हणून आधी हा क्षण समजून घेऊ.

शॉट चालू असताना काय होतं? सुमारे ९३ अंशांचं पाणी बॉयलरमधून निघून ग्रुप हेडमध्ये येतं. मशीनच्या ज्या जाडजूड धातूच्या भागाला आपण पोर्टाफिल्टर अडकवतो, तो हा ग्रुप हेड. त्याच्या तळाला बारीक भोकांची गोल चकती असते, तिला शॉवर स्क्रीन म्हणतात. तिच्यातून पाणी कॉफीवर सारखं पसरतं आणि साधारण ९ बारच्या दाबाखाली १८ ग्रॅम पुडीतून झिरपत खाली कपात उतरतं. पंचवीस-तीस सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी मिळते.

पंप बंद केल्यावर मात्र हा दाब एकदम नाहीसा होत नाही. कॉफीच्या थराच्या वर, स्क्रीनच्या आसपासच्या पोकळीत दाबाखालचं पाणी अडकलेलं असतं. तशात पोर्टाफिल्टर काढला, तर गरम चोथा तोंडावर उडेल. म्हणून मशीनमध्ये तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्याचं एक तोंड बॉयलरकडे, दुसरं ग्रुपकडे आणि तिसरं ट्रेमध्ये उतरणाऱ्या नळीकडे असतं. पंप चालू असताना बॉयलर आणि ग्रुप जोडलेले असतात. पंप बंद झाला, की बॉयलरचं तोंड मिटतं आणि ग्रुप ट्रेच्या नळीला जोडला जातो. दाबाला वाट मिळते, चोथ्यावरचं पाणी झटक्यात वर खेचलं जातं आणि नळीतून ट्रेमध्ये पडतं. 'फुस्स' आवाज होतो तो त्याचा. व्हॉल्व्ह असलेल्या मशीनमधला चोथा कोरडा आणि घट्ट वडीसारखा पडतो, तोही यामुळेच.

पण वर गेलेलं ते पाणी स्वच्छ नसतं. त्यात कॉफीची बारीक भुकटी असते आणि तेलही असतं. कॉफीच्या बियांमध्ये तेल भरपूर असतं, अरेबिकात वजनाच्या साधारण १५ टक्के आणि रोबस्टात १० टक्क्यांच्या आसपास. कागदाच्या फिल्टरमधून कॉफी गाळली तर त्यातलं बरंचसं तेल कागद पकडून ठेवतो. एस्प्रेसोत कागद नसतो आणि दाबही मोठा असतो, त्यामुळे तेल कॉफीबरोबर बाहेर येतं. चवीला तेच जाडपणा देतं. हेच तेल प्रत्येक शॉटनंतर स्क्रीनच्या मागे, तिच्या वरच्या प्लेटवर, व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेत आणि ट्रेच्या नळीत थोडं थोडं चिकटतं. ग्रुप हेड तर मशीन चालू असेपर्यंत गरमच असतो. गॅसच्या शेगडीवरच्या एक्झॉस्ट फॅनला जसा राप धरतो, तसा हा थर आधी चिकट, मग मेणचट, आणि शेवटी काळा आणि कडक होतो. हवा आणि उष्णता लागून तेल खवट होतं, आणि पुढच्या शॉटचं गरम पाणी त्या थरावरूनच कपात येतं.

हा खवटपणा ओळखायला सोपा नाही, कारण तो हळूहळू चढतो. कॉफी एके दिवशी बिघडली असं होत नाही. महिना-दीड महिन्यात ती जराशी जास्त कडू, जराशी राखेसारखी लागायला लागते, आणि आपण बियांना, भाजण्याला किंवा ग्राइंडरला दोष देतो.

नाशिकच्या एका परिचित कुटुंबात हेच झालं होतं. घरात तिघं कॉफी पिणारे, रोजचे चार शॉट, आणि मशीन घेऊन आठेक महिने झालेले. "बिया दोन ठिकाणच्या आणून बघितल्या, ग्राइंड जाड करून बघितलं, पाणी बदललं. तोंडात मागे राहणारी ती चव काही जात नाही," असं घरातल्या काकू सांगत होत्या. त्या रोज मशीन बाहेरून लख्ख पुसत. ट्रे धुतलेला, स्टीमची नळी चकचकीत. मी त्यांना म्हटलं, "काकू, पोर्टाफिल्टर न लावता नुसतं पाणी सोडून बघू या." पाणी सोडलं तर स्क्रीनच्या एका बाजूनं धार आणि दुसरी बाजू जवळजवळ कोरडी. पांढऱ्या फडक्यानं स्क्रीन जोरात पुसली तर फडक्यावर काळा, तेलकट ठसा. 'फुस्स' आवाज येत होता, पण लांबलेला आणि दबका. चोथाही काढताना ओलसर, स्क्रीनला चिकटून अर्धा तुटणारा. या चार खुणा एकत्र दिसल्या, की चव घेऊन बघायची गरज उरत नाही.

तिथे जे केलं तेच इथे क्रमानं सांगते. पण त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यायला हवी. बॅकफ्लश फक्त असा व्हॉल्व्ह असलेल्या मशीनवरच करायचा. बाजारात स्वस्त गटात मिळणारी अनेक घरगुती मशीन या व्हॉल्व्हशिवाय असतात. त्यांच्यात पंप बंद केल्यावर दाब हळूहळू झिरपत जातो, चोथा पातळ लगद्यासारखा निघतो आणि ट्रेकडे जाणाऱ्या नळीतून काहीच पडत नाही. अशा मशीनमध्ये बास्केटची खालची वाट बंद करून दाब चढवला, तर त्याला सुटायला जागाच नसते. पोर्टाफिल्टर फिरवताक्षणी गरम पाणी, आणि त्यात पावडर असेल तर क्षारयुक्त गरम पाणी, हातावर आणि चेहऱ्यावर उडतं. या मशीनसाठी स्क्रीन काढून हातानं धुणं एवढंच पुरेसं असतं. हातानं दांडा खाली ओढून चालणारी स्प्रिंग लिव्हरची मशीनही बॅकफ्लशसाठी नसतात. शंका असेल तर मशीनचं माहितीपत्रक बघावं. त्यात बॅकफ्लशचा उल्लेख असेल किंवा सोबत बिनभोकाची बास्केट अथवा रबरी चकती दिलेली असेल, तर व्हॉल्व्ह आहे असं समजायचं.

व्हॉल्व्ह असलेल्या मशीनमध्ये घरगुती मशीनचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे मिलानच्या गॅजियाचं क्लासिक. हे मशीन १९९१ मध्ये आलं आणि थोड्याफार फरकानं आजही बनतं. बॉयलर लहान, ग्रुप थेट त्यालाच खालून जोडलेला, व्हॉल्व्ह शेजारी आणि त्याची नळी सरळ ट्रेमध्ये उतरणारी. आतली रचना साधी असल्यामुळे सफाई समजून घ्यायला हे मशीन उत्तम. काकूंचं मशीन दुसरं होतं, पण रचना याच जातीची.

पहिलं काम मशीन तापवायचं. पंधरावीस मिनिटं चालू ठेवलं की ग्रुप हेड पूर्ण तापतो. थंड मशीनवर पावडर नीट काम करत नाही. तेवढ्या वेळात ग्रुपचा ब्रश घ्यायचा आणि स्क्रीनच्या कडेनं, गॅस्केटच्या खोबणीत अडकलेली भुकटी फिरवून सैल करायची. गॅस्केट म्हणजे पोर्टाफिल्टर आणि ग्रुप यांच्यामध्ये बसलेलं रबरी कडं. बाजूनं कॉफी गळते तेव्हा बहुतेकदा याच्यावर भुकटी साचलेली असते. ब्रश फिरवताना थोडं पाणी सोडायचं आणि हात बाजूला ठेवायचा, कारण ते पाणी पोळतं.

मग पोर्टाफिल्टरमध्ये नेहमीच्या बास्केटच्या जागी बिनभोकाची बास्केट बसवायची. तिला ब्लाइंड बास्केट म्हणतात. तिच्यात पाव ते अर्धा छोटा चमचा पावडर टाकायची, वजनानं दीड ते तीन ग्रॅम. जास्त टाकून सफाई जास्त होत नाही, नंतर फक्त फेस काढत बसावं लागतं.

ही पावडर कोणती, याबद्दल बोलायला हवं, कारण घरोघरी सगळ्यात जास्त चूक इथेच होते. कॉफीच्या मशीनसाठी अर्नेक्सची कॅफिझा आणि इटलीची पुली कॅफ या दोन पावडरी सगळीकडे वापरात आहेत. त्यांचं मूळ काम धुण्याचा सोडा आणि सोडियम परकार्बोनेट यांसारखे पदार्थ करतात. परकार्बोनेट गरम पाण्यात विरघळलं, की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. ते तेलाचा रंगीत, चिकट थर मोडतं आणि सोड्यामुळे पाणी क्षारयुक्त होऊन तेल त्यात मिसळून वाहून जातं. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस इथे उपयोगाचा नाही. आम्ल पाण्याच्या क्षारांवर काम करतं, कॉफीच्या तेलावर नाही. भांडी घासायचा द्रव साबणही आत सोडायचा नाही. त्याचा फेस व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेतून सहज निघत नाही, आणि सुगंध असेल तर तो पुढचे कित्येक शॉट कपात येत राहतो. खाण्याचा सोडा फारच सौम्य आहे, आणि न विरघळलेले त्याचे कण व्हॉल्व्हमध्ये बसायची भीती असते.

पावडर टाकली, पोर्टाफिल्टर घट्ट लावला, आता पंप चालू. पाण्याला खाली वाट नाही, त्यामुळे दोनतीन सेकंदांत पंपाचा आवाज बदलून भारी होतो. दाब चढला याची ती खूण. घाबरायचं कारण नाही. मशीनमध्ये जास्तीचा दाब पाण्याच्या टाकीत परत सोडणारा दुसरा व्हॉल्व्ह असतो, तो ठरलेल्या दाबाला उघडतो. आठ-दहा सेकंद झाले की पंप बंद करायचा.

सफाई होते ती आता, पंप बंद झाल्यावर. चालू असताना पाणी जवळजवळ थांबलेलंच असतं, पावडर विरघळते आणि दाब साठतो, एवढंच. बटण बंद होताच ते सगळं दाबाखालचं, पावडर मिसळलेलं गरम पाणी कॉफीच्या नेहमीच्या उलट्या वाटेनं झपाट्यानं वर जातं, स्क्रीनच्या मागून, प्लेटवरून, व्हॉल्व्हमधून, नळीतून, आणि ट्रेमध्ये तपकिरी फेस होऊन पडतं. ज्या वाटेनं घाण गेली त्याच वाटेनं, त्याच दिशेनं आणि त्याच जोरानं सफाईचं पाणी जातं. ब्रश किंवा फडकं कितीही फिरवलं तरी त्या वाटेत पोचू शकत नाही. म्हणून पंप एकदाच अर्धा मिनिट चालवण्यापेक्षा पाच वेळा दहा-दहा सेकंद चालवणं कितीतरी उपयोगाचं. मधे पाच-दहा सेकंद थांबायचं, म्हणजे दाब पूर्ण सुटतो आणि पावडरीला थर भिजवायला थोडा वेळ मिळतो.

कित्येकांना वाटतं की हे साबणपाणी बॉयलरमध्ये जात असेल. या रचनेत ते जात नाही. पंप चालू असताना बॉयलरच्या बाजूनं दाब येत असतो, पाणी फक्त ग्रुपकडेच ढकललं जातं. पंप बंद झाल्याबरोबर व्हॉल्व्ह बॉयलरचं तोंड मिटवतो.

काकूंच्या मशीनमधून पहिल्या खेपेला पडलेलं पाणी गडद काळ्या चहासारखं होतं. पाच खेपा झाल्यावर पोर्टाफिल्टर काढला, तर बास्केटमध्ये तपकिरी फेसाखाली काळे कण बसलेले. तो ओतून, पाण्यानं धुऊन, पुन्हा तेवढीच पावडर घालून दुसरी फेरी केली. इतकं साचलेलं असेल तर दुसरी फेरी करावी लागतेच. तिच्यातलं पाणी फिकट तपकिरी आलं. नियमित सफाई होत असेल, तर पहिल्याच फेरीचं पाणी असं फिकट असतं.

मग आली धुण्याची फेरी, आणि ती अजिबात कंटाळा न करता करायची. पोर्टाफिल्टर न लावता दहा सेकंद पाणी सोडायचं, बास्केट नळाखाली स्वच्छ धुवायची, आणि पावडर न घालता त्याच पद्धतीनं पाच-सहा खेपा करायच्या. शेवटच्या खेपेनंतर बास्केटमध्ये राहिलेलं पाणी बोटांत चोळून बघावं. क्षारयुक्त पाणी बुळबुळीत लागतं. तसं लागलं किंवा कडेला बारीक फेस दिसला, तर आणखी दोनतीन खेपा करायच्या. त्यानंतर नेहमीसारखी कॉफी भरून एक शॉट काढायचा आणि तो ओतून टाकायचा. शेवटी ट्रेही धुवायचा, सगळी घाण तिथेच जमलेली असते.

स्क्रीन स्वतः मात्र अजून राहिलेली असते. बॅकफ्लश तिच्या मागून धुतो, पण तिच्या आणि वरच्या प्लेटच्या मधे दाबून बसलेली भुकटी पूर्ण निघत नाही. त्यासाठी मशीनचा प्लग काढायचा, ते थंड होऊ द्यायचं आणि स्क्रीनच्या मधोमध असलेला स्क्रू काढायचा. गॅजिया क्लासिकमध्ये स्क्रीन निघाली की वरची प्लेट दिसते, ती दोन एलन स्क्रूंनी धरलेली असते. काकूंची स्क्रीन सहज निघाली नाही. आठ महिन्यांचा राप गोंदासारखा बसला होता, त्यामुळे स्क्रू काढल्यावरही चमच्याच्या दांड्यानं कडेनं हलकेच उचकटावी लागली. तिच्या मागे काळ्या चिखलाचा जाड थर होता आणि त्याला जुन्या शेंगदाणा तेलाचा वास येत होता. काकू म्हणाल्या, "अगं, हाच वास! हाच कपात येत होता."

स्क्रीन आणि बास्केट दोन्ही स्टीलच्या असतात. अर्धा लिटर कढत पाण्यात एक छोटा चमचा पावडर घालून त्यात वीस मिनिटं बुडवल्या की स्वच्छ होतात. मग उजेडासमोर धरून प्रत्येक भोक मोकळं झालंय का बघायचं. वरच्या प्लेटचं तसं करायचं नाही. ती बऱ्याच मशीनमध्ये अ‍ॅल्युमिनियमची असते, आणि क्षारयुक्त पाण्यात अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं, त्याचा करडा चुरा सुटायला लागतो. ती कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश यांनी धुवायची आणि पुसून घ्यायची. साबण इथे चालतो, कारण भाग बाहेर काढून नळाखाली पूर्ण धुता येतो. पोर्टाफिल्टर बहुतेकदा पितळेचा आणि वरून क्रोमचा मुलामा दिलेला असतो. त्याचं फक्त डोकं पंधरा-वीस मिनिटं बुडवायचं, मूठ पाण्याबाहेर ठेवायची. रात्रभर भिजत ठेवला तर मुलाम्याचे पोपडे निघू शकतात.

आता हे किती दिवसांनी करायचं? याला एकच आकडा सांगणारे लोक खूप भेटतात, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. मला वाटतं, त्यांतला गोंधळ कॅफेच्या सवयी घरी लावण्यातून होतो. कॅफेमध्ये रोज रात्री बंद करताना पावडरचा बॅकफ्लश करतात, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या दिवसात मशीनमधून शेकडो शॉट गेलेले असतात. घरच्या मशीनसाठी मोजणी दुसरी. ब्रेव्हिलच्या बरिस्ता एक्सप्रेसवर सफाईचा दिवा साधारण २०० शॉटनंतर लागतो. काकूंच्या घरी रोज चार शॉट, म्हणजे तो दिवा पन्नास दिवसांनी लागेल. दिवा शॉट मोजतो, दिवस मोजत नाही. कॅफेमधलं तेल सफाईच्या वेळी फार तर एक दिवसाचं असतं. घरचं पन्नास दिवस रोज तापलेल्या धातूवर बसून खवट झालेलं असतं. म्हणून घरी शॉटची संख्या आणि गेलेले दिवस, यांतलं जे आधी भरेल ते धरायचं.

रोज दोन ते चार शॉट काढणाऱ्या घरासाठी मी पंधरा दिवसांतून एकदा पावडर सुचवते आणि महिन्यातून एकदा स्क्रीन उघडून धुवायला सांगते. गडद भाजलेल्या, दिसायलाच तेलकट बिया वापरत असाल तर पावडरीचा बॅकफ्लश आठवड्याला करायचा. गडद भाजण्यात बीचा सांगाडा ठिसूळ होतो, तेल पृष्ठभागावर येतं आणि भुकटीही जास्त पडते. हलक्या भाजलेल्या बियांना तीन आठवडे चालतात. फक्त शनिवार-रविवारी कॉफी होत असेल तर महिन्याला एकदा पुरे. नुसत्या पाण्याचा बॅकफ्लश, तीनचार खेपांचा, दिवसाचं शेवटचं मशीन बंद करताना करायला काहीच हरकत नाही. तेल पूर्ण निघत नाही, पण ताजी भुकटी सुकून घट्ट व्हायच्या आत निघून जाते.

या सगळ्याहून जास्त फरक पडतो तो शॉटनंतरच्या दहा सेकंदांनी. चोथा काढून टाकला, की दोनतीन सेकंद पाणी सोडायचं आणि ओल्या फडक्यानं स्क्रीन पुसायची. चिकटलेली कॉफी ओली असताना एका हातात निघते. तासाभरानं तिला ब्रश लागतो आणि आठवड्यानं पावडर. हल्ली चोथ्यावर ठेवायची स्टीलची बारीक जाळी मिळते. ती वापरली तर वर जाणारी भुकटी खूप कमी होते आणि स्क्रीन जास्त दिवस स्वच्छ दिसते. पण तेल पाण्याबरोबर त्या जाळीतूनही वर जातंच. त्यामुळे स्क्रीन चकचकीत दिसते म्हणून पावडरीचे दिवस लांबवायचे नाहीत.

एका जातीच्या मशीनला हा हिशेब लागू होत नाही. फाएमा या इटालियन कंपनीनं १९६१ मध्ये ई६१ नावाचं मशीन आणलं. त्याचा जड, फुगीर ग्रुप आज कितीतरी महागड्या घरगुती मशीनवर दिसतो. त्यात सोलेनॉइडऐवजी बाजूला एक दांडी असते. ती वर-खाली केली की आतला कॅम फिरतो आणि यांत्रिक व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. दाब इथेही सुटतो, त्यामुळे बॅकफ्लश करता येतो. पण कॅमवर खाद्यदर्जाचं ग्रीस लावलेलं असतं, आणि जी पावडर कॉफीचं तेल काढते ती हे ग्रीसही धुऊन नेते. दर आठवड्याला पावडर घातली तर काही महिन्यांत दांडी जड होते, करकरायला लागते आणि धातूवर धातू घासून कॅम झिजतो. अशा मशीनला रोज किंवा आठवड्याला पाण्याचा बॅकफ्लश आणि पावडर दोन-तीन महिन्यांतून एकदाच. दांडी घट्ट वाटू लागली की ग्रुप उघडून नवं ग्रीस लावायचं.

बॅकफ्लशनं काय होत नाही हेही सांगायला हवं, कारण त्याच्याकडून नको त्या अपेक्षा ठेवल्या जातात. पाण्यातले क्षार त्यानं निघत नाहीत. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्या घरांत बॉयलरच्या आत पांढरा, दगडासारखा थर धरतो. त्याला सायट्रिक अ‍ॅसिडसारखं आम्ल लागतं, आणि ते काम वेगळ्या दिवशी, वेगळं करायचं. सफाईची पावडर आणि आम्ल एकत्र घालायचं नाही. दोघं एकमेकांना मारतात आणि काम एकाचंही होत नाही. क्षार काढल्यानंतर दोनतीन वेळा साध्या पाण्याचा बॅकफ्लश जरूर करावा. सुटलेला एखादा कपचा वाहत येऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतो, आणि मशीन सफाईनंतर बिघडलं असं वाटतं.

व्हॉल्व्ह अडकल्याची लक्षणं दोन प्रकारची असतात. तो पूर्ण मिटत नसेल, तर शॉट चालू असतानाच ट्रेच्या नळीतून पाणी गळत राहतं, कपात कमी येतं आणि दाब चढत नाही. तो उघडत नसेल, तर पंप बंद केल्यावर 'फुस्स' येतच नाही. या दुसऱ्या प्रकारात घाईनं पोर्टाफिल्टर काढायचा नाही. पाच मिनिटं थांबायचं, कपडा वर धरून मूठ अगदी थोडी फिरवायची, दाब बाजूनं सुटू द्यायचा आणि मगच काढायचा. पावडरीच्या दोन फेऱ्यांनंतरही आवाज परत आला नाही, तर व्हॉल्व्ह उघडून साफ करावा लागतो. त्याच्यावर विजेची कॉइल असते, म्हणून हे काम मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावं.

काकूंच्या मशीनचा आवाज दुसऱ्या फेरीनंतर छोटा आणि खणखणीत झाला. पाणी स्क्रीनच्या सगळ्या भागातून सारखं पडायला लागलं. पण शॉट काढताना पोर्टाफिल्टरच्या कडेनं एक थेंब मात्र येतच राहिला. गॅस्केट कडक झालं होतं. नखानं दाबून बघितलं तर ठसा उमटत नव्हता, आणि मूठ घट्ट बसायला पूर्वीपेक्षा बरीच उजवीकडे न्यावी लागत होती. उष्णतेनं रबर असं होतंच. ते वर्षा-दोन वर्षांनी बदलायचं, आणि तसंही स्क्रीन आणि प्लेट काढलेली असेल त्याच वेळी बदलायचं, कारण ते त्यांच्या मागेच असतं. जुनं कडं अनेकदा तुकड्यांत निघतं. खोबणी पूर्ण साफ केल्याशिवाय नवं बसवलं तर ते वाकडं बसतं आणि पुन्हा गळतं. त्यांनी सिलिकॉनचं घ्यायचं ठरवलं, ते रबरापेक्षा उशिरा कडक होतं. घेताना मशीनच्या मॉडेलबरोबर कड्याची जाडीही तपासून घ्यायची, कारण दिसायला सारखीच असलेली कडी अर्ध्या मिलीमीटरच्या फरकानं येतात, आणि तेवढ्या फरकानंही मूठ एकतर बसत नाही किंवा सैल राहते.